‘नकोस’ शेवटी येतो, तोपर्यंत आई घाबरलेली असते

प्रश्न: आई ७६ वर्षांची आहे, दुसऱ्या गावी एकटी राहते. एकेक शब्द लावत हळू वाचते. ऐकायला कमी येतं म्हणून फोनवर नीट बोलणं होत नाही, मेसेजच करावे लागतात. पुढच्या बुधवारी माझं पित्ताशयाचं दुर्बिणीतून ऑपरेशन आहे. मागे एक साधी तपासणी होती तेव्हा ‘काळजी करू नकोस’ असं चार वेळा लिहूनही ती रात्रभर जागी होती. या वेळी काय लिहू, कसं लिहू?

उत्तर:

मला वाटतं ते चार वेळा लिहिलेलं ‘काळजी करू नकोस’ हेच त्या रात्रीच्या जागरणाचं निम्मं कारण असेल. तुम्ही-आम्ही ते वाक्य एका नजरेत उचलतो, तीन शब्द एकदम डोक्यात जातात. पण एकेक शब्द लावत वाचणाऱ्या माणसाला आधी ‘काळजी’ दिसतो. मग ‘करू’. आणि मग थोड्या वेळाने ‘नकोस’. आपल्या मराठीची रचनाच अशी आहे की क्रियापद शेवटी आणि नकार त्याच्याही शेवटी, त्यामुळे हळू वाचणाऱ्याला घाबरवणारा शब्द आधी भेटतो आणि धीर देणारा शब्द सगळ्यात उशिरा. फोन लॉक असताना वर जो मेसेजचा तुकडा दिसतो त्यात तर वाक्याची फक्त सुरुवात असते, शेवट दिसतच नाही.

हे मी चूक करून शिकले. मी १८ वर्षं पेशंट कोऑर्डिनेटर आहे, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये काय चाललंय ते बाहेर थांबलेल्या आणि घरी वाट बघणाऱ्या नातेवाईकांना कळवायचं काम. सुरुवातीच्या वर्षांत एका पेशंटच्या वयस्कर आईला मी मेसेज केला होता, ‘तुमच्या मुलाची प्रकृती गंभीर वगैरे अजिबात नाही, फक्त एक दिवस जास्त ठेवणार आहोत’. मी आपली खूश की किती मोकळं लिहिलंय. दीड तासात त्या बाई नातवाला घेऊन हॉस्पिटलच्या दारात, चेहरा पांढराफटक. फोन माझ्यासमोर धरून ‘गंभीर’ या शब्दावर बोट ठेवून उभ्या. पुढचं त्यांनी वाचलं नव्हतं असं नाही, वाचलं होतं, पण ‘गंभीर’ वाचल्यावर पुढचं काही डोक्यात शिरलंच नाही. त्या दिवसापासून मी एक सवय लावून घेतली. मेसेज पाठवायच्या आधी प्रत्येक वाक्याचा मागचा अर्धा भाग अंगठ्याने झाकायचा आणि उरलेला अर्धा वाचायचा. तेवढाच वाचून भीती वाटत असेल तर वाक्य उलटायचं.

म्हणजे ‘घाबरण्यासारखं काही नाही’ याच्या जागी ‘सगळं ठरल्याप्रमाणे चाललंय’. ‘रक्तस्राव झाला नाही’ याच्या जागी काहीच नाही, कारण तो विषय तिच्या डोक्यात नव्हताच, तुम्ही आणून टाकला. ‘मला जास्त त्रास होत नाहीये’ याच्या जागी ‘मी आत्ता खोलीत चालून आले’. शेवटच्यात आणखी एक फायदा आहे, तो नीट सांगते.

काळजी करणाऱ्या माणसाला ‘सगळं ठीक आहे’ हे पटत नाही, कारण ते तुमचं मत झालं आणि मुलं आईवडिलांना बरं वाटावं म्हणून काहीही सांगतात हे त्यांना पक्कं माहीत असतं (त्यांनीही त्यांच्या आईवडिलांना सांगितलेलंच असतं!). पण ‘चालून आले’, ‘स्वतः केस विंचरले’, ‘आज कामावर गेले होते’ हे डोळ्यांसमोर दिसतं, त्यावरून धीर कसा घ्यायचा ते आई स्वतःच ठरवते. म्हणून माझ्या मेसेजमध्ये तीनच गोष्टी असतात आणि याच क्रमाने. आधी माणूस आत्ता कसा आहे ते दिसेल असं एक वाक्य. मग काय झालं किंवा काय होणार आहे ते. आणि शेवटी पुढचा मेसेज कधी येणार ते. तीन ओळी, प्रत्येक ओळीत पाच-सात शब्द. आणि तिन्ही ओळी एकाच मेसेजमध्ये, कारण पाच छोटे मेसेज पाठवले तर फोन पाच वेळा वाजतो आणि प्रत्येक वेळी तिच्या पोटात गोळा येतो.

आता तुमच्या बुधवारकडे येते. पण त्याआधी एक दोन गोष्टी तुम्हालाच बघाव्या लागतील, त्या मला इथून कळणार नाहीत. आई हळू वाचते ते पहिल्यापासून की अलीकडे? मोतीबिंदू वाढत असेल तर लिखाणापेक्षा अक्षराचा आकार आणि पडद्याचा उजेड वाढवण्याने जास्त फरक पडेल, चॅटच्या सेटिंगमध्ये अक्षर मोठं करता येतं आणि पूर्ण फोनचं अक्षरही मोठं होतं, डोळ्यांची तपासणी तर करून घ्याच. विसरायला होत असेल तर प्रत्येक मेसेज असा लिहा की आधीचा आठवला नाही तरी समजेल. आणि कालपर्यंत वाचणारं माणूस आज अचानक वाचू शकत नसेल, किंवा अक्षरं दिसतात पण अर्थ लागत नाही असं म्हणत असेल, बोलणं अडखळत असेल, तोंड एका बाजूला गेलं असेल, तर मेसेजबिसेज सोडा, तो मेंदूचा झटका असू शकतो, ताबडतोब हॉस्पिटल. तुमच्या लिहिण्यावरून तसं काही वाटत नाही, तरी हे सांगितल्याशिवाय पुढे जायचं नाही अशी मला सवय आहे.

पहिला मेसेज रविवारी सकाळी करा. मंगळवारी नको, कारण मग तिला विचारायला वेळ मिळत नाही आणि रात्र तोंडावर असते. दोन आठवडे आधीही नको, तेवढे दिवस ती एकटी बसून कुढणार. दोन-तीन दिवस बरे पडतात. आणि सकाळीच, म्हणजे शंका आली तर दिवसाउजेडी विचारेल, रात्री अकराला आलेल्या मेसेजवर ती कोणाशी बोलणार?

> आई, मी बरी आहे, रोज कामावर जातेय.
> पोटात दुखतं ते पित्ताशयातल्या खड्यांमुळे.
> बुधवारी ऑपरेशन करून पित्ताशय काढणार आहेत.
> त्याच्याशिवाय शरीराचं काम नीट चालतं.
> गुरुवारी किंवा शुक्रवारी मी घरी येईन.

इथे मी पाच ओळी घेतल्या कारण बातमी नवीन आहे. ‘काढणार’ हा शब्द लपवू नका, ‘छोटंसं काहीतरी करणार आहेत’ असं लिहिलं तर त्या ‘काहीतरी’त ती सगळ्यात वाईट गोष्ट भरते. पण ‘काढणार’ लिहिलं की लगेच खालच्या ओळीत त्याच्याशिवाय चालतं हे हवंच, तिला पहिली शंका तीच येणार. आणि ‘गुरुवारी किंवा शुक्रवारी’ असं मुद्दाम आहे. दुर्बिणीच्या ऑपरेशननंतर बहुतेकांना त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी सोडतात, पण ‘गुरुवारी येणार’ असं ठणकावून लिहिलं आणि डॉक्टर म्हणाले आजचा दिवस राहा, तर त्या एका दिवसाचा तिच्या लेखी अर्थ एकच, काहीतरी बिघडलं.

दिवसाचं नावच लिहा, ‘उद्या’ ‘परवा’ लिहू नका. हळू वाचणारी माणसं मेसेज उशिराही वाचतात, चष्मा सापडला की मग. मंगळवारी रात्री पाठवलेला ‘उद्या ऑपरेशन आहे’ बुधवारी सकाळी वाचला की ऑपरेशन गुरुवारी गेलं. वेळही ‘साडेदहा’ अशी अक्षरात लिहिलेली बरी, आकडे आणि मधले टिंब बारीक अक्षरात नीट दिसत नाहीत.

मंगळवारी दुपारी दुसरा मेसेज, आणि हा माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा, तरी लोक हाच विसरतात.

> आई, उरलेली कामं आवरून बसलेय.
> बुधवारी मेसेज तुझ्या जावयाच्या फोनवरून येईल.
> दुपारी तीनपर्यंत येईल.

तुमचा फोन बुधवारी तुमच्या हातात नसणार. ऑपरेशनच्या दिवशी आईच्या फोनवर अचानक जावयाचं नाव आलं, तर मेसेज उघडायच्या आधीच तिचे हातपाय गळतात, कारण ‘तिने स्वतः का नाही केला?’ आधी सांगितलेलं असलं की तेच नाव बघून उलट हायसं वाटतं. तुम्ही नवऱ्याचा उल्लेख केला नाहीये, मी धरून चालले, बहीण मैत्रीण कोणीही असेल तर त्यांचं नाव.

आता तीन का, ते सांगते. समजा तुम्हाला सकाळी दहाची वेळ दिलीये. दहा ही थिएटरची वेळ असते, आधीच्या पेशंटचं लांबलं की तुमचं लांबतं, अर्धा-एक तास सहज जातो. ऑपरेशनला साधारण तास-दीड तास. भूल द्यायला वेळ, उतरायला वेळ, मग रिकव्हरीमध्ये तास-दोन तास ठेवतात आणि मग खोलीत आणतात. म्हणजे सगळं सुरळीत होऊनही दोन वाजू शकतात. तुम्ही आईला ‘दहाला ऑपरेशन, एक तासाचं’ असं सांगितलं तर अकरा वाजून पाच मिनिटांनी तिची घालमेल सुरू होते, आणि तीन तास ती विनाकारण मरणयातना भोगते. म्हणून ऑपरेशन किती वाजता हे तिला सांगूच नका, विचारलं तर ‘सकाळी’ म्हणा, फक्त मेसेज कधीपर्यंत येईल ते सांगा, आणि तुमच्या अंदाजाला एक तास जास्त जोडून सांगा. लवकर आला तर कोणाचं बिघडत नाही.

बुधवारचे मेसेज आदल्या रात्री नवऱ्याच्या फोनमध्ये लिहून ठेवा. बाहेर बसलेल्या माणसाला त्या वेळी काही सुचत नाही हो, मी रोज बघते, चांगली शिकलीसवरलेली माणसं ‘झालं’ एवढंच टाईप करतात. काय झालं? झालं म्हणजे काय? दोन मसुदे ठेवा. एक असा:

> आई, ती जागी आहे, माझ्याशी बोलली.
> ऑपरेशन ठरल्याप्रमाणे झालं.
> संध्याकाळी सातला ती स्वतः मेसेज करेल.

इथे ‘जागी आहे’ लिहिलंय, ‘शुद्धीवर आली’ नाही. अर्थ तोच, पण ‘शुद्धीवर आली’ म्हटलं की त्याआधी शुद्ध गेली होती हे चित्र उभं राहतं. तसंच ‘ओटी’, ‘रिकव्हरी’, ‘ऑब्झर्वेशन’ हे आमचे शब्द तिला पाठवू नका, ऑब्झर्वेशनखाली ठेवलंय हे आम्ही दहातल्या नऊ जणांना म्हणतो, घरच्यांना ते आयसीयूसारखं ऐकू येतं. आणि हा मेसेज खरंच बोलणं झाल्यावरच पाठवायचा. डॉक्टर बाहेर येऊन ‘झालं’ म्हणाले की लगेच नाही.

दुसरा मसुदा उशीर झाला तर. तो पावणेतीनला जायला हवा, तीन वाजून गेल्यावर नाही.

> आई, ऑपरेशन उशिरा सुरू झालं.
> तिला साडेबाराला आत नेलं.
> पुढचा मेसेज संध्याकाळी सहाला करतो.

उशिराचं कारण पहिल्या ओळीत. ‘ती अजून आत आहे’ असं सुरू करू नये, अंगठा लावून बघा, ‘ती अजून आत’ एवढंच उरतं. अर्थात हे खरंच उशिरा सुरू झालं असेल तरच. वेळेवर सुरू होऊन लांबलं असेल तर हा मसुदा वापरायचा नाही, त्या वेळी ‘डॉक्टर अजून काम करतायत, मी बाहेरच बसलोय, सहाला कळवतो’ असं सरळ लिहायचं. एकदा खोटं पकडलं गेलं की पुढची दहा वर्षं तुमच्या प्रत्येक ‘मी बरी आहे’ला ती मागून प्रकाश टाकून बघणार.

क्वचित दुर्बिणीतून काम होत नाही आणि पोट उघडून करावं लागतं, मग मुक्काम वाढतो. ही बातमी मेसेजने द्यायचीच नाही. आईला ऐकू कमी येतं म्हणून फोनही कामाचा नाही. म्हणून बुधवारी दुपारी कोणीतरी तिच्या घरी असायला हवं, मावशी, शेजारच्या काकू, जिच्याशी तिचं जमतं ती. काही वेगळं झालं तर नवऱ्याने त्यांना फोन करायचा आणि त्यांनी समोर बसून सांगायचं, हात धरून, दोनदा. काही वेगळं नाही झालं तर गप्पा मारून जातील.

बुधवारी फोटो नको. कितीही मागितला तरी. हाताला सलाईन, सुजलेला चेहरा, हिरवा गाऊन, हे चित्र एकदा बघितलं की मग शब्दांना कोण विचारतं. गुरुवारी सकाळी केस विंचरून, खिडकीशी बसून काढा, सलाईनचा हात चादरीखाली.

एक गोष्ट तुम्हाला स्वतःलाही माहीत हवी, नाहीतर घोळ होतो. दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये पोट फुगवायला वायू भरतात, तो थोडा राहतो आणि त्यामुळे एक-दोन दिवस खांदा दुखतो. पेशंट आपलं सहज आईला लिहितात ‘बाकी ठीक, खांदा फार दुखतोय’. छातीजवळचं दुखणं आणि ऑपरेशन, त्या वयाचं माणूस काय समजणार सांगा, हार्टच. तेव्हा लिहायचंच असेल तर कारण आधी: ‘पोटात वायू भरला होता त्याने खांदा दुखतोय, दोन दिवसांत थांबेल’. कुठलीही तक्रार कारणाशिवाय आणि मुदतीशिवाय पाठवायची नाही, आणि दोन्ही माहीत नसेल तर आधी नर्सला विचारा, मग आईला लिहा. मुदतीपेक्षा जास्त दुखलं, ताप आला, डोळे पिवळे दिसले तर आईला नाही, डॉक्टरांना कळवायचं.

आता ती परत परत विचारणार. ‘खरंच बरी आहेस ना?’ चारला, साडेचारला, पाचला. इथे प्रेमापोटी एक चूक होते, आपण दर वेळी नवीन शब्दांत धीर देतो, आधी ‘हो गं बरी आहे’, मग ‘एकदम छान’, मग ‘अगं शपथ’. तिला वाटतं मघाशी वेगळं म्हणत होती, आता वेगळं का? शिवाय असा धीर अर्धा तास टिकतो आणि मग तीच शंका पुन्हा वर येते, विचारायची सवय वाढत जाते. मी एकदा नीट उत्तर देते आणि नंतर त्याच उत्तराकडे बोट दाखवते: ‘आई, दुपारी सांगितलं तसंच आहे. नवीन काही नाही. सातला मेसेज करते.’ हेच शब्द, दर वेळी, रागावल्यासारखं न वाटता. आणि सातला म्हणजे सातला, सव्वासात नाही. दोन दिवस ही वेळ पाळली की मधले मेसेज आपोआप कमी होतात असा माझा अनुभव आहे, सगळ्यांचे होत नाहीत हेही खरं, काही जणांची काळजी इतकी जुनी असते की ती मेसेजने जात नाही, त्याला डॉक्टरच लागतात.

किरकोळ पण त्रासदायक गोष्टी पटकन सांगते. देवनागरीतच टाईप करा. इंग्रजी अक्षरांत लिहिलं की ‘बरा’ आणि ‘बारा’ एकसारखे दिसतात, एकाच्या घरी ‘रिपोर्ट बरा आला’चं ‘रिपोर्ट बाराला आला’ झालं आणि ते आजोबा रात्री बारापर्यंत रिपोर्टची वाट बघत बसले होते. हसून डोळ्यांत पाणी आलेला तो चेहरा पाठवू नका, बारीक अक्षरात तो रडतोय असंच वाटतं. पाठवलेला मेसेज डिलीट करू नका, ‘डिलीट केला’ अशी खूण मागे राहते आणि काय लपवलं याचा विचार रात्रभर. चूक झाली तर लगेच एडिट करा, व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवल्यापासून १५ मिनिटं तसं करता येतं. आणि नुसतं ‘आई’ किंवा ‘बोलायचंय’ असं पाठवून मग पुढचं टाईप करत बसणं, हे तर कोणाच्याच आईला करू नये.

घरी आल्यावर एक शेवटचा घोळ होतो. बुधवार-गुरुवार तुम्ही दिवसाला तीन-चार मेसेज करता, आणि घरी पोचलात, बरं वाटायला लागलं, की एकदम थांबता. तुमच्यासाठी ते बरं झाल्याचं लक्षण आहे, तिच्यासाठी शांतता. म्हणून कमी करायच्या आधी कमी करणार असल्याचं सांगा, आणि त्यात तिला एका शब्दात उत्तर देता येईल असं काहीतरी विचारा, म्हणजे मेसेज पोचला आणि वाचला हेही कळतं:

> आई, घरी आले, माझ्या खोलीत बसलेय.
> आता रोज एकच मेसेज करीन, रात्री आठला.
> तुझा चष्मा दुरुस्त झाला का?